अडीच सूत

दुपारी जेवून जरा लवंडलो, तोच पंचवटीतल्या मावशीचा फोटो आला. खाली एक ओळ : "झोपाळ्याचा हा खिळा हलतोय." मावशीच्या राज्यात टाचणीपासून पहारीपर्यंत सगळे खिळेच. फोटोत गुळगुळीत गोल डोकं; ना खाच, ना पाना धरायला कडा. असं डोकं रिव्हेटचं असतं आणि लाकडात बसणाऱ्या चौकोनी मानेच्या बोल्टचंही. समोरून दोघं जुळे भाऊ.

"मावशी, पाटाखालून काढ फोटो. आणि तोवर बसू नकोस त्यावर."

खालून आटे दिसले, म्हणजे बोल्ट. रिव्हेट असता तर तिथेही चेपलेलं डोकंच दिसलं असतं. नट मात्र कधीच गळून गेला होता. मग बोल्ट काढायला लावला, दहाच्या नाण्याशेजारी आडवा ठेवून बरोब्बर वरून फोटो मागवला. दहाचं नाणं 27 मिलिमीटर. त्यावरून बोल्टची जाडी 8 निघाली. रविवार कारंजावरून आठ एमएमचा नट घेतला आणि ऐटीत पंचवटीत पोचलो.

दोन वेढे गेला नि अडकला.

पाना लावून रेटायचा मोह झाला, पण बाबा आठवले. सातपूरच्या कंपनीतून आल्यावर रविवारी बिस्किटांचा डबा पालथा घालायचे. आम्ही भावंडं नटबोल्टांची लग्नं लावायचो, आणि ज्याचं लग्न अडेल त्याला रेटलं की पाठीत धपाटा. "आटे खाशील! मोज आधी." आजही आम्ही तिघं भावंडं रस्त्यात पडलेला नट उचलतो. बायकोला हे कळत नाही. असो.

तर मोजले. तोच फोटो मोठा केला. आठ एमएमच्या नेहमीच्या बोल्टचे दहा आटे साडेबारा मिलिमीटरमध्ये मावतात, म्हणजे अर्ध्या नाण्याच्या आत. मावशीच्या बोल्टचे दहा आटे अर्ध्या नाण्याच्या बाहेर डोकावत होते, चौदाच्या आसपास. म्हणजे जुना इंची माल, पाच-सोळांश. त्याची जाडी 7.94, फोटोत हा फरक दिसायला गरुडाचे डोळे हवेत. दहा आट्यांत मात्र तो दीड मिलिमीटरपर्यंत वाढतो.

दुकानदार हसला. "अडीच सूत म्हणा ना सरळ!" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे बाबांकडून शंभरदा ऐकलेलं. त्यानं बरणीत हात घातला, नट काढला, सोबत रुंद वायसर दिला. तो नसला तर नट सागात रुतत जातो.

नट बोटांनीच शेवटपर्यंत गेला. मावशी बसली, दोन झोके घेतले आणि थांबली.

"करकरत नाही रे आता. नक्की बरोबर बसवलायस ना?"