उतू न गेलेला चहा

आमच्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी गाणी होतात, नाच होतात, शेवटी एखादं प्रहसन होतं. पण जुनी मंडळी भेटली की विषय निघतो तो आई आणि आत्याच्या चहाचाच. टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धांचं विडंबन करायचं, स्पर्धक नणंद-भावजय आणि पदार्थ फक्त चहा, एवढंच ठरवून मी लिहायला बसलो होतो. दोघींनाही विचारायचं राहून गेलं होतं. आत्या म्हणाली, "वहिनी उभी राहणार असेल तर मी आहेच." आईने पदर खोचला आणि विचारलं, "वन्सं कुठलं पातेलं आणणार आहेत?" तिथेच माझं अर्धं प्रहसन लिहून झालं.

पहिली तालीम खोट्या चहाची होती. रिकामी पातेली, हवेत ढवळणं, तोंडाने रटरट आवाज. तालीम साफ पडली. वाक्यं तीच होती, पण कुणी हसेना. आत्यानेच कारण सांगितलं. "अरे, लोक आमच्या हाताकडे बघणार. हातात काही शिजत नसेल तर परीक्षक कशाला एवढे गंभीर झालेत, हे त्यांना कळणार कसं?" तिचं अगदी खरं होतं. परीक्षण जितकं अचाट, तितका समोरचा चहा खरा हवा. म्हणून ठरलं, चहा रंगमंचावरच करायचा.

बंद सभागृहात गॅसची शेगडी पेटवू देत नाहीत, तेव्हा दोन इंडक्शन शेगड्या आणल्या. रंगमंचावर 16 अँपिअरचं सॉकेट एकच होतं. दोन्ही शेगड्या 2000 वॅटवर लावताच दिवे गेले आणि आम्ही काळोखात उभे राहिलो. मग दोन्ही 800 वॅटवर ठेवायच्या ठरल्या. ही अडचण आमच्या फार उपयोगी पडली. तीन परीक्षकांसाठी दोन कप पाणी, दीड कप दूध, तीन चमचे चहा पावडर आणि पाच चमचे साखर. मंद आचेवर पाण्याला उकळी यायला तीनेक मिनिटं लागायची, पावडर दोन मिनिटं उकळायची आणि गार दूध ओतल्यापासून चहा वर यायला आणखी तीन. या आठ मिनिटांवर मी संवाद बसवले. पाणी तापतंय तोवर स्पर्धकांची ओळख, पावडर पडली की परीक्षकांचे प्रश्न, आणि दूध वर येताना निकालाआधीची ती लांबवलेली शांतता. पाणी नुसतं खदखदतं, दूध मात्र उतू जातं, कारण दुधातल्या प्रथिनांमुळे वाफेचे बुडबुडे फुटत नाहीत, फेस होऊन एकदम वर चढतात. ऐन क्षणी दोन्ही पातेल्यांत फेस काठापर्यंत येणार, दोघी एकदम शेगडी बंद करणार आणि तबला थांबणार. यापेक्षा चांगला पडदा मला सुचला नसता.

परीक्षक तीन. मंडळाचे खजिनदार मुख्य परीक्षक. ते चहा चाखायचे नाहीत, फक्त पातेल्याच्या झाकणाला कान लावायचे. दुसरे आमचे मामा. एक घोट घेऊन डोळे मिटायचे आणि इतका वेळ गप्प राहायचे की निवेदिका दोन जाहिराती उरकून यायची. तिसरी माझी सहा वर्षांची भाची. तिला एकच वाक्य होतं, "साखर कमी आहे." गुणपत्रिका मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिली होती. रंगाला 10, भुरक्याच्या आवाजाला 20, कपाच्या कानाला 15 आणि पाहुणा उठायला निघाल्यावर नेमका चहा बाहेर येण्याला 55. खजिनदारांना मी एकच गोष्ट बजावली होती, हसायचं नाही. हिशेब तपासताना ते जसे दिसतात तसंच दिसायचं. परीक्षकाच्या चेहऱ्यावर हसू फुटलं तर प्रेक्षकांचं हसू तिथेच संपतं.

प्रयोग सुरू झाला. आईने साखर मोजून टाकली, आत्याने डोळ्यांच्या अंदाजाने. मामांनी विचारलं, "चमचा का नाही वापरला?" आत्या म्हणाली, "चमचा वहिनीकडे असतो, अंदाज माझ्याकडे." हशा उसळला. दूध पडलं, तबला सुरू झाला, खजिनदार दोन पातेल्यांच्या मधोमध येऊन उभे राहिले. आईचा चहा फुगत वर आला. आत्याचा येईना. मी पडद्याआडून बघत होतो. तिच्या पातेल्यात काठाशी बारीक दाणे दिसले, मग पिवळसर पाणी वेगळं झालं. दूध फाटलं होतं.

कारण नंतर समजलं. आलं दोघींचंही आत्यानेच किसलं होतं. रंगमंचावर पसारा नको म्हणून स्वतःचं किसलेलं आलं तिने आधीच दुधाच्या वाटीत घालून ठेवलं आणि ती वाटी रंगपटाच्या उकाड्यात अर्धा तास राहिली. कच्च्या आल्यात दुधाची प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. असं दूध तापवलं की फाटतं. आलं पाण्यात आधी उकळलं की ते विकर निकामी होतं आणि दुधाला काही होत नाही. घरी आत्या आयुष्यभर आलं पाण्यातच घालत आली होती, म्हणून हे तिला कधी कळायचं कारणच नव्हतं.

तबला थांबेना, कारण थांबायची खूण होती दोन्ही फेसांची. आत्याचा चेहरा उतरला. तो अभिनय नव्हता हे मला कळत होतं. खजिनदारांनी चष्मा काढला, पातेल्याशी वाकले, झाकणाला कान लावला. कितीतरी वेळाने सरळ होऊन म्हणाले, "हा चहा नाही. हे वेगळं झालेलं एकत्र कुटुंब आहे. दूध एका घरात, पाणी दुसऱ्या घरात. मंडळाला विचारायचं आहे, पातेलं कोणाकडे राहणार?" सभागृह कोसळलं. चेहऱ्यावर रेषही न हलवता त्यांनी आत्याला भुरक्याच्या आवाजाचे 20 पैकी 20 देऊन टाकले. अजून कुणी भुरका मारलाही नव्हता.

तेवढ्यात आईने संहितेत नसलेली गोष्ट केली. तिने आपला चहा गाळला, पहिला कप परीक्षकांना न देता आत्यापुढे धरला आणि म्हणाली, "घ्या वन्सं. माझ्यातही तुमचंच आलं आहे." आत्या आधी हसली, मग डोळे पुसले, मग असा भुरका मारला की शेवटच्या रांगेत ऐकू गेला. भाचीला वाटलं आता आपली पाळी. ती ओरडली, "साखर कमी आहे!" निकाल जाहीर करायचा राहूनच गेला. पडदा ओढणारा मुलगा हसत खाली बसला होता.

ती गुणपत्रिका माझ्या कपाटात आहे. आईच्या रकान्यात एकही आकडा नाही, आत्याच्या रकान्यात 20, आणि कोपऱ्यात कपाच्या बुडाचा तपकिरी गोल. पुढच्या वर्षी संमेलनाच्या आदल्या दिवशी आत्याचा फोन आला. या वेळी तिला काम नव्हतं, सर्वांसाठी चहा मात्र तिच्याकडे होता. "वहिनीला दे," म्हणाली. आईने फोन घेतला, आणि पलीकडून आलेला आवाज मला लांबूनही ऐकू आला, "पाणी ठेवलंय. आलं त्यातच घातलंय हं."