अण्णांचं दुकान आणि तात्यांची दोरी

अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कराडजवळच्या आमच्या बाजारगावातलं हार्डवेअरचं दुकान माझ्याकडे आलं. बिलं, जीएसटी, होलसेलवाल्यांचे हिशोब यांना फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो गिऱ्हाईक काय मागतंय हे समजायला. इंचाची आठ सुतं, म्हणून चार सुती बोल्ट म्हणजे अर्ध्या इंचाचा, इतकं पाठ झालं. पण अर्ध्या इंचाचा जीआय पाईप बाहेरून मोजला तर जवळजवळ 21 मिलिमीटर भरतो. तिथं पट्टी लावून उपयोग नाही, नमुना आणायला सांगायचा. हे मला एका जुन्या प्लंबरकाकांनी काउंटरवर दोन्ही वस्तू शेजारी ठेवून दाखवलं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते तात्यांनी. आयुष्यभर विहिरींवरच्या मोटरी बसवलेला माणूस. आता काम करत नाहीत, पण सकाळी चहाला दुकानात येऊन बसतात.

एप्रिलअखेरीस एक तरुण शेतकरी आला. "अडीच इंची फूट व्हॉल्व्ह द्या, मोटर पाणी सोडतीय." मी माळ्यावरून खोका काढायला निघालो, तोच तात्यांनी विचारलं, "मोटर बंद करून पाईप पाण्यानं भरलास, तर पाणी उतरतं का रं?"

"न्हाई तात्या, तसंच राहतंय."

"मग व्हॉल्व्ह बदलून काय करणार?"

फूट व्हॉल्व्ह सक्शन पाईपच्या, म्हणजे विहिरीतून पंपाकडे पाणी आणणाऱ्या पाईपच्या, तळाशी असतो. पाणी वर येऊ द्यायचं आणि मोटर थांबली की खाली जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. भरलेलं पाणी टिकतं म्हणजे तो धरतोय. उतरत असतं तरी तात्यांनी आधी तो बाहेर काढून बघायला लावला असता, कारण बऱ्याचदा आत पालापाचोळा किंवा खडा अडकलेला असतो, नाहीतर वायसर झिजलेला असतो. वायसर थोडक्यात मिळतो. अख्खा व्हॉल्व्ह त्याच्या कितीतरी पट महाग पडतो.

मग तात्यांनी दुसरी शंका काढली. मोटर सुरू केल्यावर पाणी येतं, थोड्या वेळानं फसफसतं आणि तुटतं, म्हणजे एकतर कुठून तरी हवा आत जातेय, नाहीतर पाणी फार खाली गेलंय. हवेसाठी त्यांनी उपाय सांगितला. मोटर चालू असताना फ्लँजच्या सांध्यांना ओली माती थापायची, पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या ग्लँडवर तांब्याभर पाणी ओतायचं, फिरत्या भागापासून हात लांब ठेवून. धार सुधारली तर चोर तिथंच आहे. नाही सुधारली, तर दोरीला दगड बांधून विहिरीत सोडायचा आणि पंपापासून पाण्यापर्यंतची कोरडी दोरी मोजायची.

तो संध्याकाळी परत आला. मातीनं फरक पडला नव्हता आणि दोरी 27 फूट भरली होती.

कारण तात्यांनी मला नीट बसवून सांगितलं. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण तो पाईपमधली हवा कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतलं पाणी वर ढकलतो. या दाबाची ताकद समुद्रसपाटीला साधारण 34 फुटांपर्यंतच. त्यातलं काही पाईपच्या घर्षणात आणि बेंडमध्ये जातं, म्हणून प्रत्यक्षात 20-22 फुटांच्या पुढं भरवसा धरायचा नाही. जास्त हॉर्सपॉवरची मोटर लावली तरी ही मर्यादा हलत नाही. पावसाळ्यानंतर हीच विहीर 12 फुटांवर पाणी देत होती, तेव्हा तोच पंप नीट चालत होता.

त्यानं पंप विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर उतरवला. वर ढकलायच्या बाजूला अशी अडचण नसते, तिथं पंपाच्या ताकदीप्रमाणे पाईप वाढवता येतो. माझ्याकडून त्यानं एक पाईप, दोन फ्लँजचे रबर वायसर आणि नट-बोल्ट नेले. फूट व्हॉल्व्ह पाण्यात दोन-तीन फूट बुडालेला राहील आणि तळाच्या गाळापासून फूटभर वर असेल, एवढं बघायला तात्यांनी बजावलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, पाणी सुरू होतं.

मला यातला व्यवहार पटला. त्या दिवशी व्हॉल्व्ह विकला असता तर बिल मोठं झालं असतं, पण आठवड्यात तो तक्रार घेऊन परतला असता. आता उन्हाळ्यात कुणी फूट व्हॉल्व्ह मागितला की मी आधी भरलेलं पाणी टिकतं का ते विचारतो. टिकत असेल, तर फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी देतो आणि मोजून यायला सांगतो. पंप खाली घ्यायला टप्पाच नसेल, तर ओपनवेल सबमर्सिबलचा विषय काढतो. तिथं मात्र मोटर बुडून राहील इतकं पाणी मे महिन्यातही उरतं का, हे आधी विचारावं लागतं.