काकूंच्या चकलीची जाहिरात आवाज बंद ठेवून कळावी म्हणून केलेली खटपट

माझ्या काकू सांगलीत दिवाळीचा फराळ करून विकतात. गेल्या दिवाळीच्या आधी त्यांच्या चकलीची तीस सेकंदांची जाहिरात मी केली, उभी, रील्स आणि व्हॉट्सॲप स्टेटससाठी. शूट घरच्याच स्वयंपाकघरात केलं, काकू सोऱ्याने चकल्या पाडत पाडत बोलतायत असं, आणि खरं सांगते काकू बोलल्या पण इतक्या छान की मी एडिट करून व्हिडिओ लगेच घरच्या ग्रुपवर टाकला. बाबांचा फोन कायम सायलेंटवर असतो, त्यांनी तो तसाच बघितला आणि मला विचारलं, "काकू काय सांगतायत गं? भांडतायत का कुणाशी?"

मग मी स्वतः आवाज बंद करून बघितला. सुरुवातीचे चार सेकंद काकू "नमस्कार, मी सांगलीहून बोलतेय" म्हणतात, म्हणजे आवाज नसेल तर एक बाई नुसते ओठ हलवतायत. चकली दिसते पाचव्या सेकंदाला. किंमत, ऑर्डर कशी द्यायची, भाजणी घरची आहे, हे सगळं फक्त बोलण्यात होतं. बसमध्ये, ऑफिसात, लेकरू झोपलेलं असताना लोक रील असंच बघतात, मी पण असंच बघते, तरी बनवताना ते डोक्यातच आलं नव्हतं.

आधी वाटलं सोपं आहे, काकू जे बोलल्या ते सगळं खाली टाइप करून टाकू. तसं केलं आणि तिथेच फसलं. काकूंचं एक वाक्य असं होतं: "भाजणी आम्ही घरीच भाजतो, विकतचं पीठ आणत नाही, आणि मोहन कडकडीत तेलाचं घालतो म्हणून चकली अशी खुसखुशीत होते बघा." हे त्या सहा सेकंदांत बोलून मोकळ्या होतात. कानाला ते जराही जड जात नाही, पण वाचायला दिलं की अर्ध्यावर असतानाच पुढची ओळ येते. शिवाय "अशी होते बघा" म्हणताना त्या हातात चकली मोडून दाखवतात, आणि बघणारा नेमका त्याच वेळी खाली वाचत बसलेला असतो. पूर्ण जाहिरातीतला सगळ्यात भारी शॉट तो, चकली मोडते आणि आतली नळी दिसते, आणि माझ्याच सबटायटलमुळे तो कुणी बघत नव्हतं.

इथे मला पहिल्यांदा नीट कळलं की आवाज चालू असताना कान ऐकतात आणि डोळे बघतात, आवाज बंद केला की दोन्ही कामं डोळ्यांवर येतात. म्हणजे एका वेळी एकच मागायचं, एकतर वाचा नाहीतर बघा. मग ते वाक्य मी असं तोडलं:

```
1
00:00:03,200 --> 00:00:05,400
भाजणी आम्ही
घरीच भाजतो

2
00:00:05,600 --> 00:00:07,800
मोहन कडकडीत
तेलाचं
```

आणि त्यानंतर सव्वादोन सेकंद काहीच नाही. कोरी स्क्रीन, फक्त चकली मोडते. "विकतचं पीठ आणत नाही" उडवलं कारण घरीच भाजतो म्हटल्यावर ते आलंच. "खुसखुशीत" हा शब्द मोडून झाल्यावर एकटाच मोठा येतो, आधी नाही. आवाज चालू असेल त्याला मोडल्याचा कुर्रकन आवाज ऐकू येतो, ज्याला नाही त्याच्यासाठी तो शब्द ते काम करतो.

किती वेळ ठेवायचं याचा माझा हिशोब सांगते, कारण इंग्रजीतले आकडे मराठीला सरळ लावता येत नाहीत. सबटायटलवाले सेकंदाला किती कॅरेक्टर ते मोजतात, पण कॉम्प्युटर काना, वेलांटी, जोडाक्षरातला हलंत सगळं वेगवेगळं मोजतो. "भाजणी आम्ही घरीच भाजतो" हे मी मोजलं तर अकरा अक्षरं होतात, कॉम्प्युटर स्पेस धरून बावीस सांगतो. सरळ दुप्पट. म्हणून मी आपली अक्षरंच मोजते, आणि सेकंदाला पाच अक्षरं धरते. वरची ओळ त्या हिशोबाने २.२ सेकंद ठेवली. दुसरीत पण अकराच अक्षरं आहेत, तिला पण २.२ सेकंद दिले. तरुण पोरं याहून जलद वाचतील, पण चकली विकत घेणारा आमचा गिऱ्हाईक बाबांच्या वयाचा पण आहे. आणि ओळ कुठे तोडायची तर बोलताना जिथे श्वास घेतो तिथे, "अर्धा" वरच्या ओळीत आणि "किलो" खालच्या ओळीत असं मी एका ठिकाणी करून ठेवलं होतं, वाचताना लगेच ठेच लागते.

आता जागा. सबटायटल खालीच असतं या सवयीने मी सगळं तळाला ठेवलं होतं, लॅपटॉपवर मस्त दिसत होतं. रील म्हणून फोनवर बघितलं तर खाली अकाउंटचं नाव, कॅप्शन, बटण, उजवीकडे लाइक शेअरचे आयकॉन, आणि या सगळ्याच्या मागे माझी "अर्धा किलो ₹२६०" ही ओळ अर्धी गडप. रील्समधल्या जाहिरातीसाठी वरचे साधारण १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६ टक्के मोकळे ठेवा असं मेटा स्वतःच सांगते, ते मी नंतर वाचलं. १०८० बाय १९२० च्या फ्रेममध्ये हिशोब केला तर वरून २७० पिक्सेल आणि खालून ६७० पिक्सेल गेले, मध्ये उरले साधारण ९८०. आणि नेमके तिथेच काकूंचे हात आणि सोऱ्या! दोन ओळींची पट्टी मी सव्वादोनशे पिक्सेलची धरली होती, ती हातावरच येत होती. शेवटी शॉट थोडा खाली सरकवला म्हणजे कढई बटणांच्या मागे गेली तरी चालेल, आणि पट्टी वरच्या बाजूला, २७० च्या खाली, काकूंच्या डोक्यामागच्या भिंतीवर आणली. वरचं वाचायचं आणि नजर खाली हातावर आणायची, हे उलट तळाला वाचून वर बघण्यापेक्षा बरं वाटलं.

देवनागरीने वेगळाच त्रास दिला. मी प्रीमियर प्रो वापरते, त्यात टेक्स्ट इंजिनचं सेटिंग मी कधी बघितलंच नव्हतं आणि पहिल्या वेळी "किलो" ची वेलांटी क च्या पुढे जाऊन बसली, "आम्ही" मध्ये हलंत पायाखाली लटकतोय. ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन South Asian and Middle Eastern निवडलं तेव्हा अक्षरं नीट जोडली गेली. तुमचं सॉफ्टवेअर दुसरं असेल तरी एक परीक्षा घ्या, "किलो", "पूर्वी" आणि "सोऱ्या" हे तीन शब्द टाइप करून बघा, तिन्ही सरळ आले तर पुढे जा. "सोऱ्या" मुद्दाम सांगतेय कारण साधा र, हलंत आणि य टाइप केला की त्याचा "सोर्या" होतो, रफार डोक्यावर. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ लागतो, मग हलंत, मग य. फोनच्या कीबोर्डवर बहुतेक वेळा र दाबून धरला की तो मिळतो. ही चूक पहिल्या व्हर्जनमध्ये तशीच गेली होती, काकूंनीच पकडली, "अगं सोर्या काय लिहिलंयस, सोऱ्या म्हण की!"

दोन ओळींमधलं अंतर पण वाढवावं लागलं. इंग्रजीच्या हिशोबाने अंतर ठेवलं की वरच्या "खुसखुशीत" चे उकार खालच्या "दिवाळीपूर्वी" च्या वेलांट्यांत आणि रफारात जाऊन अडकतात आणि लांबून सगळं काळं दिसतं. पांढऱ्या अक्षराला काळी बॉर्डर दिली तर बारीक टाइपात ण आणि श च्या आतली पोकळीच भरून गेली, आणि मी आधी घेतलेल्या फॉन्टमध्ये शिरोरेघेवर अक्षर अक्षर जोडलेल्या जागी बॉर्डरच्या रेषा दिसायला लागल्या. मग बॉर्डर काढून टाकली, मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी आणि त्यावर मुक्ता फॉन्ट, बोल्ड. बोल्ड यासाठी की व्हॉट्सॲपवर व्हिडिओ दाबला जातो आणि बारीक फॉन्टच्या मात्रा सगळ्यात आधी विरघळतात. फायनल करण्याआधी स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून, ब्राइटनेस कमी करून, हात लांब धरून बघायचं.

भाषेवरून घरात जरा वाद झाला. माझ्या बहिणीचं म्हणणं की लेखी आहे तर "तेलाचे" लिही, शुद्ध दिसतं. काकू म्हणाल्या, मी बोलते तसंच लिही. मला पण तेच पटलं, कारण आवाज बंद असताना काकूंचा आवाज म्हणजे ती अक्षरंच आहेत, तिथे "तेलाचे" लिहिलं तर कुणीतरी दुसरंच बोलतंय असं वाटतं. फक्त शेवटच्या पाटीवर, जिथे काकू बोलत नाहीत, तिथे सरळ माहिती: चकली, अर्धा किलो ₹२६०, ऑर्डरचा नंबर. नंबर इंग्रजी आकड्यात ठेवला कारण लोक तो बघून फोनवर दाबतात, आणि पाटी पूर्ण पाच सेकंद ठेवली. सुरुवात पण बदलली, "नमस्कार" काढलं, पहिल्याच फ्रेमला सोऱ्यातून तेलात चकली पडतेय आणि वर "घरच्या भाजणीची चकली".

यूट्यूबसाठी मात्र वेगळं केलं. तिथे अक्षरं व्हिडिओत छापलेली नाहीत, कोरा व्हिडिओ आणि वेगळी एसआरटी फाइल, म्हणजे वर दाखवल्यासारखी वेळ आणि ओळी लिहिलेली, भाषा मराठी निवडून. त्या फाइलीत काकूंचं बोलणं पूर्ण आहे, एकही शब्द न गाळता, कारण ज्यांना ऐकू येत नाही ते ती मुद्दाम चालू करतात, त्यांना गाळलेलं का द्यायचं? चकली मोडते तिथे चौकोनी कंसात [चकली मोडल्याचा आवाज] असं पण लिहिलं. छापलेल्या व्हिडिओवरच ही फाइल चढवली असती तर एकावर एक दोन मजकूर आले असते. फाइल नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग UTF-8 आहे ना ते बघा, एएनएसआयमध्ये सेव्ह झाली की सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत आणता येत नाहीत.

पाचवं व्हर्जन बाबांना दिलं, काहीही न सांगता, फोन सायलेंटवर. बघून झाल्यावर विचारलं काय कळलं. म्हणाले, घरची भाजणी आहे, अर्धा किलो दोनशे साठला, आणि मोडली तेव्हा आतून पोकळ होती. ते तिसरं मी कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता बेसनाच्या लाडवाचं शूट आहे. यावेळी काकूंना आधीच सांगून ठेवलंय की लाडू फोडताना दोन सेकंद बोलू नका, आणि ताट जरा खाली धरा, वर मला लिहायला भिंत पाहिजे.