फिर्यादी तयार, आरोपी तयार, तरी केस संपेना

"तडजोड झालीय ना? मग पुरशीस द्या आणि मोकळे व्हा." हे वाक्य मला तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या वेळी सांगितलं. तिघांच्याही बोलण्यावर मी विश्वास ठेवला. २ जुलै २०२५ ला पुण्यातल्या आमच्या कोर्टात तडजोडीची पुरशीस, म्हणजे लेखी निवेदन, दिलं, माझ्यावर फिर्याद करणाऱ्या सोसायटीतल्या काकांनी जज मॅडमसमोर उभं राहून "माझी काही तक्रार नाही" असं सांगितलं, आणि तरीही मी मोकळा झालो नाही. त्यावर आजही चिडचिड होते, म्हणून लिहितोय.

आधी गुन्हा सांगतो, कारण तो लपवून काही उपयोग नाही. ऑगस्ट २०२४, सिंहगड रोडवरची आमची सोसायटी, पार्किंग. माझ्या जागेत काकांची गाडी, पावसात भिजून आलेला मी, आणि नेहमीची शब्दाला शब्द लागत गेलेली भांडणं. हातात हेल्मेट होतं. ते मी काकांच्या दिशेने फिरवलं आणि त्यांच्या कपाळाला लागलं. तीन टाके पडले. काकांचं वय ५८, माझं ३६. मी त्यांच्याहून बावीस वर्षांनी लहान आणि हात माझा सुटला, एवढं लिहिलं की पुरे.

पोलिसांनी भारतीय न्याय संहितेची चार कलमं लावली: ११५(२) म्हणजे दुखापत, ३५२ म्हणजे अपमान, ३५१(२) म्हणजे धमकी आणि ११८(१) म्हणजे धोकादायक हत्याराने दुखापत. जुन्या भारतीय दंड संहितेच्या भाषेत ३२३, ५०४, ५०६ आणि ३२४. हेल्मेट हे हत्यार कसं, असा वाद घालता येतो, आणि आमच्या वकीलसाहेबांनी आरोप निश्चितीच्या वेळी तो घातलाही. मॅडमनी तो ऐकून घेतला आणि १७ जून २०२५ ला चारही कलमांखाली आरोप ठेवले. जामीन, पोलीस चौकीत हजेरी, दोषारोपपत्राची नक्कल, हे सगळं जसं होतं तसं झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मधल्या काळात काकांचं आणि माझं बोलणं सुरू झालं. काकूंनी पुढाकार घेतला. काकांच्या दवाखान्याचं बिल साडेअठरा हजार झालं होतं. मी चाळीस हजार द्यायचं ठरलं, बिल आणि वर त्रासाबद्दल. सोसायटीच्या चेअरमनसमोर कागद झाला. चेअरमननी स्वतःचा नव्वदच्या दशकातला किस्सा सांगितला, की त्यांच्या भावावरचं ३२४ असंच कोर्टात मिटलं होतं. ते खोटं बोलत नव्हते. त्या काळी ३२४ कोर्टाच्या परवानगीने मिटवता यायचं. पुढे ते तडजोडपात्र गुन्ह्यांच्या तक्त्यातून काढलं गेलं आणि नव्या कायद्यात ११८(१) सुद्धा त्या तक्त्यात नाही. चेअरमनचं ज्ञान जुनं होतं आणि मी ते नव्यासारखं वापरलं.

२ जुलैला काय झालं, ते नीट सांगतो. मॅडमनी पुरशीस वाचली, काकांना विचारलं, कुणाचा दबाव आहे का. काका नाही म्हणाले. मग त्या म्हणाल्या, "११५, ३५२ आणि ३५१ ची तडजोड मान्य करते. ११८ चं काय?" आमचे वकीलसाहेब गप्प. सरकारी वकील उठले, "मॅडम, ते तडजोडपात्र नाही." रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, तीन कलमांत निर्दोष मुक्तता लिहिली गेली आणि ११८(१) साठी पुढची तारीख पडली, ११ जुलै.

बाहेर येऊन मी वकीलसाहेबांवर ओरडलो. तेव्हा त्यांच्या जुनिअर मॅडमनी मला बाजूला घेऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे खटला कसा चालवायचा त्या नव्या कायद्याचं, कलम ३५९ दाखवलं. त्यात दोन तक्ते आहेत. पहिल्या तक्त्यातले गुन्हे फिर्यादी स्वतःहून मिटवू शकतो, कोर्टाची परवानगी लागत नाही: साधी दुखापत, अपमान, धमकी, अतिक्रमण, असे. दुसऱ्या तक्त्यातल्या गुन्ह्यांना कोर्टाची परवानगी लागते, फसवून मालमत्ता उकळणं त्यातलं. दोन्हीत नाव नसेल तर कोर्टाच्या हातातसुद्धा ते मिटवणं नसतं, दोन्ही बाजू गळ्यात गळे घालून उभ्या राहिल्या तरी. आणि गंमत बघा: काकांचा हात मी नुसत्या हाताने मुरगळून मोडला असता, तर ते न्याय संहितेचं कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत शिक्षेचं, पण दुसऱ्या तक्त्यात आहे, कोर्टाच्या परवानगीने मिटलं असतं. तीन टाक्यांचं हेल्मेट मिटत नाही. कायद्याला हत्याराचं वावडं जास्त आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

कुणीतरी लोकअदालतीत टाका म्हणालं. तिथेही हीच अडचण. तडजोडपात्र नसलेला गुन्हा लोकअदालतीच्या अधिकारातच येत नाही, त्यामुळे त्या वाटेने जाऊन एक तारीख आणखी गेली असती. मुंबईत उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घेता येतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली, दोघांच्या संमतीने. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या ग्यान सिंग निकालापासून ही वाट नीट मोकळी झालेली आहे. पण मुंबईचा वकील, प्रवास आणि थांबणं हे मला नको होतं. माझा फ्लेक्स छपाईचा धंदा आहे, नोकरी नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याचा उपयोग आहे.

११ जुलैला कोर्टात उभा असताना जुनिअर मॅडमनी विचारलं, "दादा, प्ली बार्गेनिंग करायचं का? आणि करायचं असेल तर आज ठरवा." मी म्हटलं, आजच का? तर नव्या कायद्यात आरोप निश्चितीपासून तीस दिवसांच्या आत अर्ज करायचा आहे. जुन्या कायद्यात अशी मर्यादा नव्हती. माझे आरोप १७ जूनला निश्चित झाले होते. १७ जुलैला मुदत संपत होती, आणि त्यातले चोवीस दिवस आम्ही न मिटणारं मिटवण्यात घालवले होते. हे आधी कळलं असतं तर दोन्ही अर्ज एकाच दिवशी दिले असते. आरोप ठेवल्याची तारीख रोजनाम्यातून उतरवून मोबाईलमध्ये घालून ठेवा, वकिलांच्या डायरीवर सोडू नका.

प्ली बार्गेनिंग म्हणजे गुन्हा मान्य करून शिक्षा कमी करून घेणं, हे मला माहीत होतं. पण हे सगळ्या गुन्ह्यांना चालत नाही, हे माहीत नव्हतं. मृत्युदंड, जन्मठेप किंवा सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असेल तर दार बंद. ११८(१) ला तीन वर्षांपर्यंत, म्हणून चाललं. स्त्रीविरुद्ध किंवा मुलाविरुद्धचा गुन्हा असेल तरी दार बंद. जुनिअर मॅडमनी सगळ्यात आधी विचारलं होतं, "काकूंना हात लागला होता का? फिर्यादीत काय लिहिलंय?" फिर्यादीत "पत्नी सोडवण्यास आली" एवढंच होतं, ढकलल्याचं काही नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, कारण काकूंचा हात मी खरंच झटकला होता आणि त्यांनी ते लिहिलं नव्हतं. देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे, केंद्र सरकारने जाहीर केलेले गुन्हेही वगळले आहेत.

अर्ज १५ जुलैला दिला. सोबत प्रतिज्ञापत्र: शिक्षा किती असू शकते ते समजून, स्वखुशीने अर्ज करतोय आणि याच गुन्ह्यात आधी शिक्षा झालेली नाही. मग जज मॅडमनी मला एकट्याला विचारलं, काका बाहेर. "कुणी सांगितलं म्हणून करताय? यात तुम्ही दोषी ठरणार आहात, माहीत आहे?" हा प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता. तडजोडीत निर्दोष सुटतो, इथे दोषी ठरतो. शिवाय इथल्या निकालावर नेहमीसारखं अपील नसतं. मी हो म्हटलं, पण घसा कोरडा पडला होता.

त्यानंतर कोर्ट जास्तीत जास्त साठ दिवस देतं, सगळ्यांनी बसून ठरवायला. पोलिसांनी दाखल केलेल्या केसमध्ये सरकारी वकील, तपास अधिकारी, फिर्यादी आणि आरोपी, चौघांना बोलावतात. आमचे तपास अधिकारी बदलून गेले होते, पहिल्या बैठकीला आलेच नाहीत. दुसऱ्या बैठकीला आले, गणपतीच्या आठवडाभर आधी. काकांना उरलेले वीस हजार देण्याचं तिथे लिहिलं गेलं, अहवालावर सगळ्यांच्या आणि मॅडमच्या सह्या झाल्या. आधीचे वीस हजार मी रोख दिले होते, पावती न घेता, ते सिद्ध करायला काकांनाच मदत करावी लागली. पैसे चेकने द्या, किंवा खात्यात.

शिक्षेचा हिशेब असा सांगितला गेला: पहिल्यांदाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेचा सहावा हिस्सा देता येतो. छत्तीस महिन्यांचा सहावा हिस्सा सहा महिने. आधीचा गुन्हेगार असता तर चौथा हिस्सा, नऊ महिने. सहा महिने ऐकून बायको कोर्टातच रडू लागली. पण त्याआधी कोर्ट प्रोबेशनचा, म्हणजे तुरुंगात न पाठवता सोडण्याचा, विचार करतं, आणि १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली सप्टेंबरमध्ये मला एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. प्रोबेशन ऑफिसर घरी येऊन आईशी बोलून गेले होते, तिने त्यांना चहाबरोबर माझ्या लहानपणाच्या चुकाही सांगितल्या. या कायद्याखाली सोडल्यावर दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, असं कलम १२ म्हणतं. पण दोषी ठरल्याचा शिक्का निकालात राहतोच. नोकरीच्या किंवा व्हिसाच्या फॉर्मवर विचारतात तेव्हा उत्तर द्यावं लागतं. म्हणून म्हटलं, माझा धंदा आहे. सरकारी नोकरी असती तर मी मुंबईचा खर्च केला असता, आणि मला वाटतं, तसा कुणीही करावा.

एक विसरलो. निकालाची सहीशिक्क्याची नक्कल दोन प्रतींत घ्या. आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही म्हणून, निकालात मुद्देमालाचं काय करायचं तेही वाचा. माझं हेल्मेट तिथे पोतडीत बांधलेलं आहे. परत मागायला अर्ज करावा लागेल, असं जुनिअर मॅडम म्हणाल्या. मी अजून केलेला नाही.