रात्र राखून चेहरे उजळताना

«रात्रीच्या काळोख्या फोटोतले चेहरे ओळखू यावेत, पण दाणेदारपणा आणि रात्रीचा भाव तसाच राहावा, यासाठी तुम्ही एआयला नेमक्या कोणत्या शब्दांत सूचना देता?»

'फोटो उजळ करा' असे मी कधीच लिहीत नाही, कारण ती सूचना संपूर्ण चौकटीला लागू होते. आकाश राखाडी पडते, सावल्या विरतात आणि कंदिलाच्या उजेडातला प्रसंग ढगाळ दुपारचा वाटू लागतो. त्याऐवजी फोटोत मुळातच असलेला दिवा मी शोधते आणि त्याचाच प्रकाश थोडा पुढे पोहोचवायला सांगते.

एका फोटोत तिघेजण पायऱ्यांवर बसले होते आणि कंदील डावीकडे, खालच्या पायरीवर होता. माझी पहिली सूचना होती, 'चेहरे स्पष्ट करा'. त्यावर तिन्ही चेहरे सारखेच उजळले, त्वचा मेणासारखी गुळगुळीत झाली आणि मधल्या माणसाचे मिटलेले ओठ चक्क हसरे झाले. 'स्पष्ट', 'सुधारा', 'उत्तम दर्जाचा' या शब्दांमुळे दाणे हा दोष समजला जातो आणि तो पुसताना चेहराच नव्याने रंगवला जातो.

म्हणून मी मूळ फोटो साध्या संपादकात उघडून फक्त सावल्या उचलून पाहिल्या. डावीकडच्या दोघांच्या डोळ्यांच्या खोबण्या आणि ओठांची रेघ दाण्यांतून वर आली. तिसऱ्याच्या जागी मात्र सपाट काळा डाग होता. तिथे माहितीच नव्हती, त्यामुळे जो चेहरा उमटला असता तो कल्पित असता. मग मी असे लिहिले:

«डावीकडच्या दोघांच्या चेहऱ्यांवर कंदिलाचा पिवळसर प्रकाश खालून आणि डावीकडून थोडा अधिक पडू दे, डोळे आणि ओठ ओळखू येतील इतकाच. त्यांच्या चेहऱ्यांची उजवी बाजू सावलीत राहू दे. उजवीकडची व्यक्ती आणि मागचा काळोख आहे तसाच ठेव. चेहऱ्यांची ठेवण, भाव, चौकट आणि फोटोचे दाणे बदलू नकोस.»

उजेडाचे माप मी टक्क्यांत देत नाही. काय दिसायला हवे हे सांगितले की ते अधिक नेमकेपणाने पाळले जाते, असा माझा अनुभव आहे.

दाण्यांच्या बाबतीत मात्र शब्द पुरत नाहीत. एआयने दिलेला नवा फोटो पूर्ण आकारात पाहिला तेव्हा भिंत दाणेदार आणि गाल गुळगुळीत दिसत होते. तेव्हा मूळ फोटो खाली ठेवून हा नवा फोटो वरच्या थरावर घेतला, मास्क लावून त्यातले दोन चेहरेच उघडे ठेवले आणि त्या थराची अपारदर्शकता सुमारे 60 टक्क्यांवर आणली, म्हणजे खालचे खरे दाणे त्यातून दिसू लागले. हा उपाय दोन्ही प्रतिमा तंतोतंत जुळत असतील तरच चालतो. वरचा थर चालू-बंद केल्यावर डोळे किंवा जबडा किंचितही सरकताना दिसला, तर ती प्रत टाकून मी पुन्हा मूळ फोटोपासून सुरुवात करते. बदललेल्या प्रतीवर दुसरी सूचना देत नाही, कारण प्रत्येक फेरीत चेहरा मूळ माणसापासून आणखी दूर जातो.