8051 च्या पिनवर एलईडी: दोन शनिवार खाणारा रेझिस्टर

घरच्या टाकीत पाणी किती आहे ते खाली किचनमध्ये दिसावं म्हणून 8051 जातीच्या AT89S52 या मायक्रोकंट्रोलरवर आठ लाल एलईडीचा पट्टा करायला घेतला होता. उन्हाळ्यात नागपुरात कूलर भरता भरता टाकी कधी रिकामी होते कळतच नाही. सेन्सर, प्रोग्राम, पॉवर सप्लाय सगळं एका दिवसात झालं. अडलं ते एलईडीपाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी ज्या क्लासला जायचो तिथल्या छापील मॅन्युअलमध्ये पिन, मग 330 ओहम, मग एलईडी, मग ग्राउंड असं चित्र होतं, तसंच जोडलं. पिन हाय केली तर एलईडी इतका मंद की हाताची सावली धरून बघावं लागत होतं. सरांना दाखवलं तर म्हणाले रेझिस्टर कमी कर, 220 लावला, 100 लावला, शेवटी रेझिस्टर काढून थेट जोडला (हे कोणीही करू नका, दुसऱ्या कंट्रोलरवर पिनच जाईल), तरी उजेड तेवढाच. मग "पुढच्या शनिवारी बघू", आणि पुढच्या शनिवारी परत तेच उत्तर. दोन एलईडी आणि एक आयसी उगाच बदलली.

शेवटी सीताबर्डीला आणखी एक आयसी घ्यायला गेलो तर दुकानातले काका म्हणाले, "भाऊ, रेझिस्टर कायले बदलून राहिले, पिनवर व्होल्ट किती येऊन राहिले ते पाहा न आधी." घरी येऊन परत 330 लावून मोजलं. पिन हाय, आणि मीटरवर 5 नाही तर 1.7 च्या आसपास! 330 च्या दोन टोकांमध्ये फक्त 0.06 व्होल्ट, म्हणजे करंट जेमतेम 0.18 मिलिअँप. एलईडीच पिनला खाली ओढत होता आणि रेझिस्टरला काही कामच उरलं नव्हतं, म्हणून तो बदलून फरक पडत नव्हता.

मग डेटाशीट नीट वाचली. या चिपच्या पोर्ट 1, 2, 3 ला हाय करणारा आत फक्त एक कमजोर पुल-अप आहे, 60 मायक्रोअँप काढले की पिन 2.4 व्होल्टपर्यंत पडू शकते असं ते स्वतःच लिहितात. पोर्ट 0 ला तर तोही नाही, तिथे बाहेरून लावावा लागतो. अर्डुइनो उनोवरच्या ATmega328P च्या पिनची माहिती 20 मिलिअँपवर दिलेली असते, वरची आणि खालची दोन्ही (40 ही तिची कमाल मर्यादा, तिथे चालवायची नसते), म्हणून मॅन्युअलमधलं चित्र तिकडे चालतं. बहुतेक तिकडूनच उचललं असावं. इथे मात्र पिन करंट देऊ शकत नाही, ओढू शकते.

म्हणून उलटं जोडलं: 5 व्होल्ट, रेझिस्टर, एलईडी, पिन. पिन लो की एलईडी पेटतो.

```
P1 = 0xFF;   // सगळे बंद
P1 = 0xFE;   // फक्त P1.0 चा पेटला
```

रिसेटनंतर पोर्ट आपोआप 0xFF असतो, त्यामुळे सुरुवातीला सगळे बंद राहतात हे बरं झालं.

तोच 330 ठेवला तर एलईडी एकदम झक्क पेटला, साधारण 8 मिलिअँप, आणि मी खूश. पण एका पिनची मर्यादा 10 असली तरी पोर्ट 1 च्या आठही पिना मिळून फक्त 15 मिलिअँप ओढायची परवानगी आहे (पोर्ट 0 ला 26, सगळ्या मिळून 71). टाकी भरली की आठही पेटणार, म्हणजे 64! एक पेटला असताना ठीक दिसतं, म्हणून ही चूक लक्षात येत नाही. हिशोब नेहमी सगळे पेटलेत असं धरूनच करा.

एकाच्या वाट्याला दोनपेक्षा कमी आले. 5 मधून एलईडीचे 2 आणि पिनवर उरणारे 0.45 गेले, राहिले 2.55. 1.8 के लावला की 1.4 मिलिअँप, आठांचे 11.3. एलईडी 1.8 वरच पेटला आणि पिन अगदी शून्यावर गेली असं धरलं तरी 14.2, पंधराच्या आत. 1.5 के घेतला असता तर अशा वेळी 17 झाले असते, म्हणून नाही घेतला. पिनवरचे 0.45 सुद्धा 1.6 मिलिअँपपर्यंतच कबूल केलेत, जास्त ओढलं की ते वाढत जातं, आणि तीच पिन दुसऱ्या आयसीला लो म्हणून दिली असेल तर तिथे गडबड होते.

हे सगळं लाल एलईडीसाठी आहे, पांढरा किंवा निळा साधारण 3 व्होल्ट खातो, त्याला मी 1.2 के लावेन. आणि एलईडी घेताना हाय-ब्राइट मागा, 1.4 मिलिअँपवर साधा जुना एलईडी दिवसा नीट दिसत नाही. माझे किचनच्या भिंतीवर दुपारी बाराला ओट्यापासून स्पष्ट दिसतात.