स्क्रू आवळला तरी गाडी बंद पडेना

पिग्मी गोळा करणाऱ्या माणसाची गाडी दिवसाला किती वेळा थांबते, याचा अंदाज बाहेरच्याला येत नाही. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जायचं, पावती फाडायची, पुन्हा किक मारायची. त्यात आमच्या कोल्हापुरातला दाभोळकर कॉर्नरचा सिग्नल. काका सकाळी गॅरेजवर आले तेच वैतागून. म्हणाले, "सिग्नलला उभारलं की बंद पडतीया बघा. मागनं हॉर्न वाजत्यात आणि मी किक मारतोय. दोनदा कार्बोरेटर साफ केलाय, आता परत तेवढाच करू नका."

गाडी १०० सीसीची, २०११ चं मॉडेल, सेल्फ मेलेला. कार्बोरेटरच्या गाड्या आता अशाच लोकांकडे उरल्यात. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि नव्या गाड्या जवळजवळ सगळ्याच फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. माझ्याकडे आयटीआयमधून आलेलं पोरगं स्कॅनर झटक्यात लावतं, पण कार्बोरेटर हातात घेतला की आधी स्प्रेचा डबा शोधतं. त्याचा दोष नाही, शिकवणाऱ्यांनीच आता तो धडा उरकून टाकायला सुरुवात केलीय.

पेट्रोलचं मी आधी बघितलं. फ्लोटच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या ग्लासात घेतलं. तळाला पाण्याचा थर नव्हता. प्लग ठीक, टॅपेट ठीक. हे सगळं पंधरा मिनिटांचं काम, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

गाडी गरम करून आणली आणि नुसतं ऐकत बसलो. ॲक्सिलरेटर देऊन सोडला की रेस लगेच खाली यायला हवी. ही गाडी वरच रेंगाळायची, मग हळूहळू उतरायची आणि उतरता उतरता विझायची. सायलेन्सरमध्ये बारीक फटाके. मिश्रण रिच असेल, म्हणजे पेट्रोल जास्त असेल, तर उलटं होतं. रेस पटकन पडते, नेहमीच्या आयडलिंगच्याही खाली बुडते आणि गाडी घुसमटून बंद होते. खात्री करायला गाडी विझायच्या बेतात असताना चोक अर्धा ओढला. लगेच सावरली. म्हणजे लीन. हवा जास्त, पेट्रोल कमी.

आता मिक्श्चर स्क्रू. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, बाहेर काढला की मिश्रण लीन होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोल मिसळलेली हवा सोडतो, बाहेर काढला की रिच. निम्मे मिस्त्री हे न बघताच फिरवतात. या गाडीचा इंजिनच्या बाजूला होता. असा स्क्रू सावकाश पूर्ण आत आवळला की गाडी बंदच पडली पाहिजे, कारण आयडलिंगचं पेट्रोल त्याच वाटेनं येतं. मी तो आवळत आवळत टेकवला. गाडी चालूच. मग चार आटे बाहेर काढला. तरी काही फरक नाही. पोरगं म्हणालं, "दादा, स्क्रू खराब असंल." स्क्रूचं टोक चांगलं होतं. मुद्दा असा होता की गाडी आयडलिंगला त्या वाटेवर चालतच नव्हती. कोणीतरी रेसचा स्क्रू आवळून हवेची वाट उघडझाप करणारी स्लाइड एवढी वर धरली होती, की पेट्रोल मधल्या सुईच्या वाटेनं येत होतं. बंद पडणाऱ्या गाडीची रेस वाढवून द्यायची आणि गिऱ्हाईक वाटेला लावायचं, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात स्वस्त इलाज.

जास्तीची हवा कुठून येतेय ते शोधायला चालू इंजिनवर कार्बोरेटर आणि हेड यांच्या जोडावर कार्ब क्लीनरची बारीक फवारणी केली. सायलेन्सरपासून लांब, आणि शेजारी आग विझवायचा डबा ठेवून. खालच्या बाजूला फवारा बसला आणि रेस बदलली. म्हणजे तिथून हवा आत ओढली जात होती.

असली गळती सिग्नललाच का त्रास देते? चालत्या गाडीत स्लाइड उघडी असते, इंजिन इतकी हवा ओढतं की त्यात ही चोरटी हवा कुठंच्या कुठं. आयडलिंगला स्लाइड जवळपास मिटलेली, मुळात हवाच थोडी, आणि इंजिनकडची ओढ सगळ्यात जास्त. तेव्हा हीच फट मिश्रणाचा सगळा हिशोब बिघडवते.

कार्बोरेटर उतरवला. दहा नंबरचे दोन बोल्ट काढले तेव्हाच हाताला कळलं, की कोणीतरी दात-ओठ खाऊन आवळलेत. कार्बोरेटर हेडला जिथं टेकतो त्या मऊ धातूच्या फ्लँजचे दोन्ही कान पुढं वाकले होते, मध्ये पोकळी. ओ-रिंग चपटी आणि प्लॅस्टिकसारखी कडक. मग फ्लँज सपाट करायला बसलो. जाड काचेवर चारशे नंबरचा पॉलिश पेपर, थोडं तेल, आणि फ्लँज आठच्या आकड्यात घासायची. दाब द्यायचा नाही, कार्बोरेटरच्या वजनानं काय झिजेल ते झिजेल. मध्येमध्ये मार्करनं रेघा मारायच्या, सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की झालं. मला हे काम आवडतं. पण ते दिसत नाही, म्हणून त्याचे पैसे कोणी देत नाही. काका स्टुलावरून म्हणालेच, "घासताय काय एवढं? साफ करायचं हुतं न्हवं?"

साफही केला. फ्लोट, पिन, दोन्ही जेट, मिक्श्चर स्क्रू सगळं सुटं केलं. मिक्श्चर स्क्रूबरोबर स्प्रिंग, बारीक वॉशर आणि त्याहून बारीक ओ-रिंग निघते. ओ-रिंग बऱ्याचदा भोकातच चिकटून राहते, वरून कॉम्प्रेसरची हवा मारली की उडून जाते आणि गाडीची नवी तक्रार सुरू होते. आयडलिंगचं पेट्रोल मोजून सोडणारा पायलट जेट उजेडाकडे धरला. भोक स्वच्छ, गोल. वर आकडा ३८, जो हवा तोच. वाहिन्यांमधून स्प्रे पलीकडे सरळ धारेनं निघाला. नव्या ओ-रिंगा टाकल्या, बोल्ट हलक्या हातानं आळीपाळीनं आवळले, मिक्श्चर स्क्रू टेकवून दोन आटे बाहेर काढला आणि रेसचा स्क्रू खाली घेतला.

गाडी आधीपेक्षा वाईट झाली.

रेंगाळणं संपलं होतं, फटाके संपले होते. पण आता ॲक्सिलरेटर सोडला की रेस धपकन पडून गाडी घुसमटत होती. दहा मिनिटांत प्लग काजळीनं काळा. आमच्या शेजारी पीयूसीवाला आहे, त्याच्या मशीनवर नळी लावली. कार्बन मोनॉक्साइड साडेपाच टक्क्यांच्या वर. १ एप्रिल २००० नंतरच्या या फोर स्ट्रोक गाड्यांना मर्यादा साडेतीनची. मिक्श्चर स्क्रू आता ऐकत होता, पण जितका आत घ्यावा तितकी गाडी सुधारायची, आणि पार टेकायला आला तेव्हा कुठं बरी चालायची. स्क्रू शेवटपर्यंत आत मागतो तेव्हा पेट्रोल मागूनच जास्त येत असतं. फ्लोटची उंची बघितली, बरोबर होती. उरला जेट.

पोरगं गिटार वाजवतं. त्याच्याकडे तुटलेल्या तारा असतात, मी त्या जपून ठेवतो, कारण त्यांची जाडी पाकिटावर छापलेली असते. इंचात ०.०१६ म्हणजे ०.४१ मिलिमीटर. या जेटवरचा ३८ म्हणजे ०.३८ मिलिमीटरचं भोक, त्यातून ही तार जायला नको. नव्या जेटमध्ये गेली नाही. काकांच्या जेटमधून सहज आरपार. तीन शतांश मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण भोकाचं क्षेत्रफळ किमान चौदा टक्के वाढतं, आणि पेट्रोल साधारण त्याच मापात.

पहिल्यांदा मनात शिवीच आली. क्लचच्या तारेनं जेट खरवडणारे खूप आहेत. पितळ मऊ, तार पोलादी. पण भिंगाखाली धरला तर आत एकही ओरखडा नाही, काठ एकसारखा. तारेनं खरवडलेलं भोक असं दिसत नाही. हे बारीक रीमरनं, मोजून मोठं केलेलं होतं.

म्हणजे आधीच्या मिस्त्रीला गाडी लीन आहे हे कळलं होतं. माझ्याइतकंच कळलं होतं. त्यानं गळती शोधायच्या ऐवजी चोरट्या हवेच्या मापानं पेट्रोल वाढवलं. काका सांगतात, त्यानंतर गाडी चार-पाच महिने झकास चालली. मग ओ-रिंग आणखी आटली, फट वाढली आणि त्याचा हिशोब चुकला. मी गळती बंद केल्यावर त्यानं घातलेलं जादा पेट्रोल उघडं पडलं. दोन बिघाड एकमेकांना सांभाळत होते.

दुसरी शंकाही मनात आहे. हल्ली वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण थोडं लीन पडतं. कदाचित त्यानं सगळा दोष पेट्रोलवर टाकून जेट मोठा केला असेल. आजकाल ते फार सोपं झालंय. पण तेवढ्या फरकाला बहुतेक वेळा स्क्रू अर्धा आटा बाहेर काढला की पुरतं, रीमर लागत नाही.

नवा ३८ चा जेट टाकला. गाडी एक फेरी मारून पूर्ण गरम करून आणली, कारण थंड इंजिनवर केलेलं ट्यूनिंग दुसऱ्या चौकापर्यंतही टिकत नाही. प्लगच्या वायरीला टॅकोमीटर लावला. मिक्श्चर स्क्रू पाव-पाव आटा फिरवत रेस जिथं सगळ्यात वर जाते ती जागा शोधली, रेसच्या स्क्रूनं ती १४०० वर आणली, परत मिक्श्चर, परत रेस. शेवटी मिक्श्चर सव्वादोन आट्यांवर थांबला. पूर्ण आत घेतला तर गाडी बंद पडली. दिवसभर हेच हवं होतं मला. पीयूसीवाल्याकडे आकडा दोनच्या आसपास.

संध्याकाळ झाली होती. काकांनी दाभोळकर कॉर्नरला जाऊन यायचं ठरवलं, लाल लागेपर्यंत दोन फेऱ्या मारल्या आणि परत आले. बंद पडली नव्हती. बिल बघून मात्र चेहरा पडला. "त्यानं दोनशेत केलं हुतं." खरं आहे. दोनशेत फ्लँज घासून मिळत नाही. दोनशेत रीमर फिरवून मिळतो, आणि गिऱ्हाईक पाच महिने खूश राहतं. त्या माणसाला मूर्ख म्हणावं तर त्याचा हात माझ्या पोराहून साफ आहे. लबाड म्हणावं तर काकांनीच त्याला दुसरं काही करायला पैसे दिले नसते.

मला त्याला भेटायचं होतं, फ्लँज बघितली होती का एवढं विचारायला. काकांना गॅरेज कुठलं ते विचारलं.

"नाव कशाला पायजे?" काका किक मारत म्हणाले. "तुमच्याकडनं बिघडली तर परत त्याच्याकडंच जायचंय मला."